क्रोन्समध्ये लोह, बी१२, फोलेट आणि झिंकचे रिपोर्ट कसे वाचायचे?

*“धाकट्या भावाला क्रोन्स आहे. वय २९, वजन ५८ किलो. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून लहान आतड्याचा शेवटचा ३५ सेंमी भाग काढला. अझाथायोप्रिन चालू आहे, सध्या दिवसाला पाच-सहा वेळा पातळ होतंय. हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही ८८, आरडीडब्ल्यू १९, सीरम आयर्न २४, टीआयबीसी २६२, फेरिटिन ६२, बी१२ २३६, फोलेट २० च्या वर, झिंक ५८, सीआरपी २८, अल्ब्युमिन ३.०. फेरस अ‍ॅस्कॉर्बेट-फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवसातून दोनदा घेतोय, पोट दुखतं आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. लॅबने फेरिटिन, बी१२, फोलेट नॉर्मल दाखवलंय, झिंक तेवढं कमी. मग झिंक सुरू करू का?”*

झिंकची घाई नको. ज्याच्यापुढे लॅबने खूण केली आहे तोच आकडा या यादीत सगळ्यात कमी भरवशाचा आहे. मी पोटविकारांच्या रुग्णांच्या आहाराचं काम करते, औषधं लिहून देत नाही. तेव्हा खालचं सगळं त्याच्या डॉक्टरांपुढे मुद्दे म्हणून ठेवा.

वाचायला सुरुवात सीआरपीपासून करायची. सीआरपी शरीरातली सूज दाखवतं. २८ म्हणजे क्रोन्समुळे येणारी आतड्याची सूज चालू आहे, आणि सूज असली की लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन वर जातं व झिंक खाली येतं, शरीरातला साठा कितीही असो. लॅबची नॉर्मल रेंज सूज नसलेल्या माणसासाठी असते. सूज नसेल तर फेरिटिन ३० च्या खाली गेल्यावर लोहाची कमतरता म्हणतात. सूज असताना १०० पर्यंतचं फेरिटिनही कमतरतेत बसू शकतं. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघावं, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते. रिपोर्टात नसलं तरी काढता येतं. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागायचं: २४ भागिले २६२, म्हणजे साधारण ९ टक्के. २० च्या खाली कमी समजतात. म्हणजे भावाला लोहाची खरी कमतरता आहे आणि तिच्या जोडीला सुजेमुळे होणारा अ‍ॅनिमियाही आहे.

गोळीने का हललं नाही, तेही यातच आलं. सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात जायचं जे दार, त्याला हेप्सिडिन कुलूप लावतं. गोळीतलं लोह मग आतड्यातच पडून राहतं, पोट दुखवतं, शौच काळी करतं. काळ्या शौचेमुळे रक्त जातंय की नाही हेही कळेनासं होतं, हा आणखी एक ताप. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे २०० मिलिग्रॅम लोह. क्रोन्स शांत असताना आणि अ‍ॅनिमिया सौम्य असतानासुद्धा १०० च्या वर जायचं नसतं.

त्याच्या बाबतीत शिरेतून लोह देण्याची तीन कारणं एकदम जुळली आहेत: आजार सक्रिय, हिमोग्लोबिन १० च्या खाली, गोळी सोसत नाही. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांच्या सोप्या तक्त्यात हिमोग्लोबिन ७ ते १० आणि वजन ७० किलोच्या आत असेल तर एकूण १५०० मिलिग्रॅम येतं. जुन्या गॅन्झोनी सूत्राने हिशोब केला (५८ × (१५ − ९.४) × २.४ + ५००) तर साधारण १२८० येतं. हे सूत्र थोडं हात राखून देतं, म्हणून मी तक्त्याच्या बाजूची. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज असेल तर १००० मिलिग्रॅमचं सलाइन आणि आठवड्याने ५००, म्हणजे दोन फेऱ्यांत काम होतं. आयर्न सुक्रोज दर वेळी २०० च चालतं, म्हणून फेऱ्या सात-आठ होतात. औषध स्वस्त वाटलं तरी प्रवास आणि बुडालेली रजा धरून तुलना करा. कार्बॉक्सिमाल्टोजनंतर काहींचं फॉस्फेट बरंच उतरतं. फार थकवा किंवा हाडं दुखू लागली तर ते तपासायला सांगा, विशेषतः पुन्हा डोस द्यावा लागला तर.

आता बी१२. २३६ हा आकडा संशयाच्या पट्ट्यात येतो, पण इथे आकड्यावर फार डोकं खपवायची गरज नाही. बी१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला, आणि त्यातला २० सेंमीपेक्षा जास्त भाग काढला असेल तर कमतरतेचा धोका मोठा असतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ऑपरेशननंतर लगेच काही जाणवत नाही. शाकाहारी घरात तो साठा मुळातच तुटपुंजा असतो. ३५ सेंमी गेलेल्याला बी१२ जन्मभर लागणार: आधी १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं थोड्या थोड्या दिवसांनी, मग आठवड्याला, पुढे महिन्याला.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, आरडीडब्ल्यू म्हणजे त्या आकारातला फरक. एमसीव्ही ८८ बघून कोणी “बी१२ चं काही दिसत नाही” म्हणालं तर आरडीडब्ल्यू दाखवा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी पडलं की मोठ्या, आणि अझाथायोप्रिनही त्या मोठ्या करतं. सगळ्यांची सरासरी ८८. आरडीडब्ल्यू १९ म्हणजे लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ.

फोलेट २० च्या वर आहे यात नवल नाही. बाजारातल्या फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळीत बहुधा १.५ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं. दोन गोळ्यांचं ३ मिलिग्रॅम झालं. सीरम फोलेट गेल्या काही दिवसांत पोटात काय गेलं एवढंच सांगतं. मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासॅलझीन चालू असतं तर फोलिक अ‍ॅसिडचा वेगळा विचार करावा लागला असता, तसं इथे नाही. माझी काळजी उलटी आहे. बी१२ कमी असताना एकटं फोलिक अ‍ॅसिड मिळत राहिलं तर रक्ताचं चित्र सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. त्याला आजच विचारा: पायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं यातलं काही आहे का? असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन तपासायचं असेल तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी तपासा. फोलेट भरपूर असताना ते वाढलेलं निघालं तर बोट बी१२ कडेच जातं (किडनीचं काम ठीक आहे हे धरून).

राहिलं झिंक. ते रक्तात मुख्यतः अल्ब्युमिनला धरून फिरतं, आणि त्याचं अल्ब्युमिन ३.० आहे. वर सीआरपी २८. म्हणून ५८ वरून साठ्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. पण जुलाबातून झिंक जातं हेही खरं, तेव्हा कागद बाजूला ठेवून माणसाकडे बघा. तोंडाभोवती किंवा ढुंगणाशी पुरळ, केस गळणं, चव जाणं, जखम न भरणं, अल्कलाइन फॉस्फेटेज कमी असणं, यातलं काही असेल तर डॉक्टर ४० ते ५० मिलिग्रॅम एलिमेंटल झिंक काही आठवडे देतात आणि मग बंद करतात. काहीच नसेल तर सूज उतरल्यावर पुन्हा तपासा: सकाळी उपाशीपोटी, ट्रेस एलिमेंटच्या ट्यूबमध्ये. महिनोन् महिने झिंक चालू ठेवलं तर तांबं उतरतं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा अ‍ॅनिमिया होतो, पांढऱ्या पेशीही घटतात. अझाथायोप्रिनवरच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की सगळे आधी त्याच औषधाकडे बघतात, आणि खरं कारण मागे राहतं.

लोह दिल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन २ ने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर आणखी लोह ओतण्याआधी सूज, रक्तस्राव आणि पांढऱ्या पेशी बघा. फेरिटिन मात्र आठ आठवडे तरी करू नका. शिरेतून लोह दिल्यावर ते फुगलेलंच येतं आणि विनाकारण घाबरवतं. पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी एकाच दिवशी काढा. फेरिटिन १०० च्या खाली घसरलं किंवा हिमोग्लोबिन १३ च्या खाली आलं, तर शिरेतल्या लोहाची पुढची फेरी कधी घ्यायची ते विचारा.