घरगुती डब्याच्या वेबसाईटवर नेमकं काय टाकायचं?

प्रश्न: आई दादर वेस्टला घरून डबे देते. आठवड्याचा मेनू, डिलिव्हरी एरिया आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, एवढीच साधी वेबसाईट हवीय. कशी करू?

एकच पान पुरतं हो, त्यात लॉगिन, कार्ट वगैरे भानगडी नकोत. माझ्या वहिनीच्या डब्यांचं पान मीच केलंय. तिथे खरी डोकेदुखी मेनूची नव्हती, "डबा मिळेल का?" एवढाच मेसेज यायचा आणि मग कुठे, कधी, किती पोळ्या हे विचारण्यात तिची दुपार जायची. म्हणून ऑर्डरच्या बटणातच मेसेज लिहून ठेवायचा, गिऱ्हाईक फक्त रिकाम्या जागा भरतं.

```
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=नाव:%0Aबिल्डिंग,%20मजला:%0Aतारीख:%0Aकिती%20डबे:">ऑर्डर द्या</a>
```

91 च्या पुढे आईचा दहा आकडी नंबर, आधी + नको, शून्य नको, मध्ये स्पेस नको, नाहीतर लिंक नीट चालेलच असं नाही. %0A म्हणजे नवी ओळ, %20 म्हणजे स्पेस. मेसेजमध्ये & मात्र टाकू नका, "पोळी & भाजी" लिहिलंत की पुढचं सगळं गायब, "पोळी-भाजी" लिहा. आणि बटण दाबलं की मेसेज आपोआप जात नाही, सेंड गिऱ्हाईकालाच करावं लागतं, बरेच जण चॅट उघडली की ऑर्डर गेली असं समजून बसतात, तेव्हा बटणाखाली लिहाच की "आमचं 'हो' आलं तरच ऑर्डर पक्की".

एरियात नुसतं "दादर" लिहू नका, ईस्टवाले पण मेसेज करतील आणि सायकलवाला पोऱ्या जेवणाच्या वेळेला पूल ओलांडून जायला तयार नसतो (बरोबरच आहे त्याचं). रस्त्यांची नावं लिहा: रानडे रोड, गोखले रोड, एन. सी. केळकर रोड, शिवाजी पार्क. पिनकोडवर भिस्त ठेवू नका, एकाच पिनकोडात पाच मिनिटांवरचं घर पण येतं आणि वीस मिनिटांवरचं पण.

मेनू टाईप करूनच टाका, फोटो नको, कारण पोस्टरसारखा फोटो मोबाईलवर वाचता येत नाही आणि मंगळवारी मटकी मिळाली नाही म्हणून मेनू बदलला तर अख्खा फोटो परत बनवा. "मंगळवार: ४ पोळ्या, मटकीची उसळ, वरण-भात, कोशिंबीर" एवढं बास. वर "सोम. ते शनि." असं नुसतं न लिहिता तारखा घाला, नाहीतर रविवारी बदलायचं राहिलं की लोक गेल्या आठवड्याचीच भाजी मागतात. आठवड्यात संकष्टी किंवा एकादशी आली तर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मिळेल का तेही तिथेच, हा प्रश्न येतोच येतो.

ऑर्डर कधीपर्यंत घेणार ती वेळ मेनूच्या वर, ठळक अक्षरात. वहिनी आदल्या रात्री ८ पर्यंत घेते, कारण भाजी सकाळी त्या हिशोबानेच आणते. एफएसएसएआयचा नंबर असेल तर तो तळाला टाका, आणि सगळं झालं की बटण दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून दाबून बघा, आईच्या फोनवरून नको.