राजीनामा चार ओळींचा, वही मात्र जाडजूड

"ताई, पुण्यातल्या एका छोट्या क्लबात मी चौदा वर्षांखालच्या पोरांना विनामोबदला क्रिकेट शिकवतो. नोकरीमुळे ऑगस्टअखेर बंगळुरूला जातोय. राजीनामा लिहायला बसलो तर तीन पानं झाली, त्यात कमिटीने निवडीत केलेले घोळही आले. मुलांना सांगायची तर हिंमतच होत नाही."

सेक्रेटरींना एवढंच पुरे: "नोकरीनिमित्त बंगळुरूला जात असल्याने मी मानद प्रशिक्षकपदाचा राजीनामा देत आहे. माझा शेवटचा सराव 30 ऑगस्टला असेल. स्टोअरची किल्ली त्याच दिवशी देईन. मुलांच्या नोंदींची वही सोबत आहे." निवडीचे घोळ यात नकोत. पत्र फायलीत राहतं, आणि ज्याची बाजू घ्याल त्याच पोरावर उद्या डूख धरला जातो. ते अध्यक्षांना समक्ष भेटून सांगा.

खरी मेहनत त्या वहीवर घ्या. तुमची वेळ तशी बरी आहे. पावसाळ्यात नेट बंदच असतात, सीझन सुरू व्हायच्या आत क्लबाला माणूस शोधता येईल. पण नवा कोच काय बघणार? एक उंच पोरगा जोरात बॉल टाकतोय, द्या त्याला नवा बॉल! तो पोरगा वर्षभरात झपाट्याने वाढलाय, टाकताना त्याची कंबर आडवी आणि खांदे समोर वळतात, हे नव्या कोचला कोण सांगणार? अशा मिश्र ॲक्शनने कमरेला पीळ पडतो आणि वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला, मागे वाकताना दुखतं; विश्रांतीने थांबतं, बॉलिंग सुरू केली की परत येतं. असं झालं तर मलम चोळत बसायचं नाही, बॉलिंग बंद आणि डॉक्टर, हे ठळक लिहा. मर्यादाही लिहा. इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये 5 आणि दिवसात 10 षटकं ठरवून दिली होती. तोच आकडा धरा, आणि नेटमधले बॉलही त्यात मोजायला सांगा. बाकीच्या पोरांना दोन-दोन ओळी पुरतात.

मुलांना तुम्हीच सांगा, तेही पालकांच्या ग्रुपवर बातमी फुटायच्या आत. सकाळी सेक्रेटरींना फोन, त्याच दिवशी सराव संपल्यावर मुलं, मग ग्रुप. सरावाआधी सांगितलंत तर त्या दिवशी कोणी धड कॅच धरणार नाही. "मी येत राहीन" असं मात्र म्हणू नका. पोरं ते शब्दशः धरतात.

ग्रुपची ॲडमिनकी सोपवून बाहेर पडा. नाहीतर रात्री अकराला "सर, याचा स्टान्स बघा ना" असे व्हिडिओ बंगळुरूला येतील आणि नव्या कोचला कोणी विचारणार नाही. निरोपासाठी वर्गणी निघालीच, तर त्यातून पोरांसाठी पॅडची एक धड जोडी घ्यायला लावा.