'त्रास वाढला तर फोन करा' एवढं डेंग्यूला पुरत नाही

प्रश्न: पुण्यात नुकतीच जनरल प्रॅक्टिस सुरू केली आहे. पावसाळ्यात तापाचे बरेच पेशंट फोनवरच सल्ला घेतात. नंतर मी व्हॉट्सअपवर औषधांची नावं आणि 'त्रास वाढला तर फोन करा' एवढं पाठवतो. आणखी काय लिहायला हवं?

उत्तर:

तापाच्या पेशंटला पाठवायच्या मेसेजमधून 'त्रास वाढला तर' हे शब्द आधी काढून टाका. पुण्यात जुलै ते नोव्हेंबरमधला ताप म्हटलं की डेंग्यू डोक्यात ठेवावाच लागतो, आणि डेंग्यूत नेमके हेच शब्द दगा देतात. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो. पेशंटला हलकं वाटतं, घरचे देवापुढे साखर ठेवतात. ज्यांचा आजार गंभीर होणार असतो, त्यांच्या रक्तवाहिन्यांमधून पातळ रक्तद्रव याच सुमारास झिरपायला लागतो. तो पोटात आणि छातीत साठतो, मागे राहिलेलं रक्त दाट होतं, हातपाय गार पडतात. पेशंट मात्र शुद्धीवर असतो, बोलत असतो. त्याला विचारलंत तर 'ताप गेला, बरं आहे' म्हणेल. त्याच्या हिशेबी त्रास कमीच झालेला असतो, मग तो फोन का करेल?

म्हणून मेसेजमध्ये आजाराची पुढची वाट वारांसकट लिहायची. रॉजर नेबर या ब्रिटिश फॅमिली डॉक्टरांनी १९८७ मध्ये तीन प्रश्न मांडले होते, ते मला अजून उपयोगी पडतात. माझा अंदाज बरोबर असेल तर काय होईल? चुकीचा असेल तर कशावरून कळेल? आणि तसं झालं तर काय करायचं? ही उत्तरं डॉक्टरच्या डोक्यात असतातच. ती पेशंटच्या हातात लेखी द्यायची.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धायरीत मित्राबरोबर खोली घेऊन राहणारा तिशीच्या आतला मुलगा. बुधवारी संध्याकाळी सातला फोन आला, बाहेर धो धो पाऊस, सिंहगड रोड तुंबलेला. सकाळी त्याने स्वतःच रक्त तपासून घेतलं होतं. बोलणं झाल्यावर मी हे पाठवलं:

> नमस्कार. आज बुधवार, संध्याकाळी ७ वाजता फोनवर झालेलं बोलणं लिहून पाठवते. काही चुकलं असेल तर लगेच सांगा.
>
> तुम्ही सांगितलंत: सोमवारी रात्रीपासून ताप, आज १०२. डोकं, डोळ्यांच्या मागे आणि अंग दुखतंय. उलटी नाही, पोटदुखी नाही, कुठून रक्त नाही. लघवी नेहमीसारखी. दुसरा आजार नाही, रोजचं औषध नाही. आजचा रिपोर्ट: एनएस१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४० हजार, पीसीव्ही ४२.
>
> माझं मत: डेंग्यू आहे. आजची रात्र घरी राहायला हरकत नाही. पण मी तुम्हाला अजून तपासलेलं नाही, म्हणून उद्या सकाळी ११ वाजता क्लिनिकला या. ताप जाऊन दोन दिवस होईपर्यंत रोज रक्त तपासायचं आहे.
>
> औषध: पॅरासिटामॉल ६५०, एका वेळी एक गोळी. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. २४ तासांत चारच्या वर नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्या घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन बिलकूल नको. अंगदुखीचं इंजेक्शन कुणी दिलं तरी घेऊ नका.
>
> पाणी: जागे असाल तेव्हा दर तासाला एक पेला. ओआरएस, ताक, शहाळं, पेज, काहीही चालेल. दर चार ते सहा तासांनी लघवी व्हायला हवी.
>
> पुढे काय होईल: गुरुवार ते रविवारमध्ये कधीतरी ताप उतरेल. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं समजू नका. त्यानंतरचे ४८ तास सगळ्यात जपायचे आहेत. ताप गेला की त्याच दिवशी मला फोन करा, बरं वाटत असलं तरी.
>
> यातलं एकही दिसलं तर, ताप असो वा नसो, दिवस असो वा रात्र, लगेच हॉस्पिटलमध्ये जा:
> पोटात सतत किंवा जोरात दुखणं.
> दिवसभरात तीन उलट्या, किंवा प्यायलेलं पोटात न टिकणं.
> नाकातून, हिरड्यांतून, उलटीतून, शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच.
> हातपाय गार आणि ओलसर, उभं राहिल्यावर चक्कर.
> सहा तास लघवी नाही.
> फार सुस्ती, किंवा उगाच तळमळ आणि चिडचिड. धाप लागणं.
>
> कुठे: फोनवर ठरवलं त्याच हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, ती रात्रभर उघडी असते. उभं राहता येत नसेल तर १०८ ला फोन करा. माझ्या उत्तराची वाट पाहू नका, रात्री दहानंतर मी व्हॉट्सअप बघत नाही. जाताना हा मेसेज तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

खाली माझं नाव आणि नोंदणी क्रमांक. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे व्हॉट्सअपवरच्या मजकुरातही नोंदणी क्रमांक हवा आणि सल्ल्याची नोंद आपल्याकडे राहायला हवी. पेशंटच्या फोनवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल, तर ती आधी बंद करायला सांगा.

मेसेज लांब वाटेल. पण सगळा वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि धोक्याच्या खुणा मी जाणूनबुजून सहाच ओळींत ठेवल्या आहेत. पुस्तकातली सगळी यादी उतरवलीत तर घरचे ती वाचणार नाहीत, किंवा वाचून इतके घाबरतील की साध्या मळमळीलाही रिक्षा बोलावतील. खुणा घरात बसून दिसतील, मोजता येतील अशाच निवडा. 'लघवी कमी' लिहिलं तर प्रत्येकाचं माप वेगळं, 'सहा तास नाही' लिहिलं की घड्याळ सांगतं. बाई असेल तर 'पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्त जाणं' ही ओळ घालावीच लागते, कारण ते आपणहून कुणी सांगत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट फोनवर स्पष्ट करा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट २०० मिलीसाठी. मोठं पाकीट एका पेल्यात घोळून पिणारे मी नेहमी बघते. ते खारट लागतं म्हणून दुसरा पेला कुणी पीत नाही, शिवाय इतकं तीव्र पाणी पोटाला चांगलं नाही. पाकिटावरचा आकडा पेशंटलाच मोठ्याने वाचायला लावा.

प्लेटलेटचं मुद्दाम सांगते, कारण पुण्यात डेंग्यू म्हटलं की सगळं घर त्या एका आकड्यावर नजर लावून बसतं. प्लेटलेट उतरणं अपेक्षितच असतं. रक्तद्रव झिरपतोय की नाही, हे मात्र तो आकडा एकटा सांगत नाही. त्यासाठी पीसीव्ही बघायचा. प्लेटलेट झपाट्याने उतरतायत आणि त्याच वेळी पीसीव्ही चढतोय, पहिल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी वर गेलाय, तर रक्त दाट होतंय. म्हणून पहिल्या दिवसाचा पीसीव्ही मेसेजमध्ये लिहिला. तुलनेला तोच लागतो.

आता पुढचं. मेसेज पाठवून मी थांबले नाही. त्याला परत फोन केला आणि म्हटलं, 'ताप गेला तर काय करशील, तुझ्या शब्दांत सांग.' तो म्हणाला, 'मग शनिवारी ऑफिसला जाईन.' व्हॉट्सअपवर निळ्या खुणा आल्या होत्या, मेसेज वाचलेला होता, तरी समज जुनीच होती. तो परिच्छेद त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला. त्याच्या परवानगीने तोच मेसेज खोलीतल्या मित्रालाही पाठवला. डेंग्यूत सुस्ती आली की पेशंट स्वतः काही तपासत नाही, म्हणून दुसऱ्या माणसाच्या फोनवर मेसेज हवाच. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी हाच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पण लेखीही असू द्या, कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या डॉक्टरला रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसतो.

गुरुवारी तो आला, तपासणीत सगळं ठीक होतं. शुक्रवारी पहाटे ताप उतरला आणि तो झोपून राहिला, मला फोन केला नाही. दुपारी मित्राने हात लावून पाहिला तर गार, आणि पहाटेपासून लघवीला उठलेला नव्हता. मित्राने मेसेज पुन्हा उघडला आणि त्याला थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे पीसीव्ही ५१ निघाला, प्लेटलेट ६० हजार. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ताप कधीपासून, काय घेतलं, पहिला पीसीव्ही किती, हे सगळं फोनच्या एका पडद्यावर मिळालं. सलाइन लगेच सुरू झालं. दोन दिवसांनी तो घरी गेला.

काही जणांना मात्र मेसेजच्या भरवशावर घरी ठेवू नका. गरोदर बाई, तान्हं बाळ, वयस्क माणूस, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेला, एकटा राहणारा, यांना त्याच दिवशी कुणीतरी प्रत्यक्ष तपासायला हवं. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांचंही तसंच. वरच्या मेसेजमधलं 'ॲस्पिरिन नको' हे त्यांना जसंच्या तसं पाठवू नका, ते औषध थांबवायचं की नाही हे त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरतं. आणि फोनवरच पोटदुखी, रक्त किंवा तळमळ ऐकू आली तर गोषवारा लिहीत बसू नका. हॉस्पिटलचं नाव सांगा, तिथे पोचल्याचा फोन घ्या, बाकीचं मग लिहा.