नुन्चीला मराठीत एक शब्द का पुरत नाही

"कोरियन मालिकांमध्ये 'नुन्ची' हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याला मराठीत नेमका कोणता शब्द आहे? आणि असे शब्द इतर भाषांतही असतात का?"

नुन्ची म्हणजे ढोबळमानाने समोरच्याच्या मनातले न सांगता ताडणे, पण मराठीत त्याला असा एकच शब्द नाही. तो आहे असे गृहीत धरून मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात मी दुभाष्याचे काम करतो. नवा असताना एका बैठकीनंतर कोरियन व्यवस्थापक आमच्या पर्यवेक्षकांविषयी "यांना नुन्ची नाही" असे म्हणाले आणि मी घाईत "साहेब म्हणतायत, तुम्हाला अक्कल नाही" असे सांगून मोकळा झालो. पर्यवेक्षक वयाने आणि अनुभवाने मोठे होते. पुढचे दोन आठवडे ते माझ्याशी कामापुरतेही बोलले नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

त्या बैठकीत काय घडले होते ते सांगतो, कारण नुन्चीचे बहुतेक अर्थ त्या पंधरा मिनिटांत येऊन गेले. बैठक साडेपाचला संपायची होती. पावणेसहा वाजत आले तरी पर्यवेक्षक एका साच्यातल्या बिघाडाची हकीकत अगदी तपशीलवार सांगत होते. व्यवस्थापकांनी आधी पेनाला टोपण लावले, मग वही मिटली. सुरुवातीला ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, ते थांबले आणि फक्त "ने, ने" असा होकार उरला. तोही हळूहळू आखूड होत गेला. त्यांच्या शेजारी बसलेला तरुण कोरियन अभियंता आवाज न करता उठला, बाहेर जाऊन चालकाला गाडी दाराशी लावायला सांगून आला आणि पुन्हा जागेवर बसला. उरलेले तिघे कागद आवरावेत की नाही हे न कळून साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. पर्यवेक्षक मात्र बोलतच होते.

आता कोरियन भाषा हेच कसे सांगते ते पाहा. व्यवस्थापकांनी टोपण लावून आणि वही मिटून नुन्ची 'दिली'. अभियंत्याची नुन्ची 'वेगवान', त्याने ती लगेच 'पकडली'. ते तिघे नुन्ची 'पाहत' होते. आणि पर्यवेक्षकांना नुन्ची 'नव्हती'. एकाच नामाला पाच क्रियापदे जोडली गेली आणि प्रत्येक वेळी मराठीला वेगळीकडे वळावे लागते. नुन्ची नसणे म्हणजे वेळकाळाचे भान नसणे, पकडणे म्हणजे हेरणे किंवा कुणकुण लागणे. पाहणे म्हणजे कधी नुसता कल पाहणे, तर कधी मर्जी सांभाळत दबकून राहणे. वेगवान नुन्चीच्या माणसाला आपण चाणाक्ष म्हणू, पण चाणाक्षपणात स्वतःचा फायदा साधण्याचा जो वास आहे तो इथे असेलच असे नाही. 'शहाण्याला शब्दाचा मार' असे आपण म्हणतो. नुन्ची असलेल्याला तो शब्दही लागत नाही. सर्वांत अवघड आहे ते नुन्ची देणे. 'डोळे वटारणे' फार झाले, 'खुणावणे' फार मैत्रीचे झाले. मी हल्ली सरळ 'न बोलता नाराजी जाणवून दिली' असे चार-पाच शब्द वापरतो.

हे असे होते त्याचे मूळ शब्दाच्या घडणीत आहे. 'नुन' म्हणजे डोळा. (उच्चारात शेवटचे अक्षर 'ची'पेक्षा 'छी'कडे झुकते, पण मराठीत 'नुन्ची' हे लेखन रुळले आहे.) कोरियन शब्दकोश या शब्दाचे दोन अर्थ देतात: प्रसंगावरून दुसऱ्याच्या मनातले ताडणे, आणि मनातली गोष्ट बाहेर वागण्यात उमटून दिसणे. म्हणजे वाचणाऱ्याचे कसब आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची वाचली जाणारी खूण, या दोन्हींना एकच नाव आहे. म्हणूनच ती देताही येते आणि पकडताही येते. आपल्याकडे संस्कृतातून आलेला 'इंगित' हा शब्द खुणेपुरता चालतो आणि ते ओळखणाऱ्याला 'इंगितज्ञ' म्हणतात, म्हणजे आपण दोन बाजूंना दोन शब्द ठेवले. शिवाय 'तू इंगितज्ञ नाहीस' असे कारखान्यात कोणाला सांगण्याची माझी तरी छाती नाही.

मालिकांवरून अनेकांचा असा समज होतो की नुन्ची म्हणजे एक सद्‍गुण, म्हणजे दुसऱ्याचे मन जाणणारी संवेदनशीलता. तो अर्धाच खरा आहे, कारण मन जाणल्यावर त्याचे काय करायचे याविषयी हा शब्द गप्प असतो. 'नुन्ची वेगवान असेल तर देवळातही खारवलेली कोळंबी खायला मिळते' अशी एक कोरियन म्हण आहे. देऊळ बौद्धांचे, जिथे मासळी वर्ज्य, आणि तिथे जवळ्यासारखी बारीक, मिठात मुरवलेली कोळंबी मिळवायची! यात कौतुक जितके आहे तितकीच लबाडीची कबुलीही आहे. दुसऱ्या टोकाला 'नुन्चीचा भात' आहे. नातेवाइकाच्या घरी आश्रयाला राहिलेले मूल प्रत्येक घासाला यजमानीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत जे जेवते, ते नुन्चीचा भात खाते. इथे मात्र मराठी शब्द हाताशी आहे: मिंधेपणाचा घास. मन वाचण्याची क्रिया दोन्हीकडे तीच आहे, पण पहिल्यात माणूस हौसेने वाचतो आणि दुसऱ्यात वाचल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. साहेब उठेपर्यंत काम नसतानाही खुर्चीला चिकटून बसणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कोरियन माणूस 'नुन्ची पाहतो आहे' असेच म्हणतो, आणि तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक नसते.

इतर भाषांविषयी थोडक्यात. जपानी माणूस 'हवा वाचतो'. तिथे वाचायची गोष्ट एका माणसाच्या चेहऱ्यावर नसून सगळ्या खोलीत भरलेली असते, त्यामुळे नुन्चीप्रमाणे ती कोणी कोणाला 'देऊ' शकत नाही. जपानीत 'सोंताकु' हा आणखी एक शब्द आहे: वरिष्ठाने न सांगितलेली इच्छा ओळखून त्याप्रमाणे करून टाकणे. 2017 मध्ये सरकारी जमीन एका शिक्षणसंस्थेला फार स्वस्तात विकल्याच्या वादात तो तिथे घरोघरी पोहोचला, कारण आदेश कोणी दिल्याचे दिसत नव्हते आणि काम तर झाले होते. चिनी भाषेत 'बोलणे पारखणे, चेहऱ्याचा रंग पाहणे' असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. त्याचे मूळ कन्फ्यूशियसच्या संवादांत सापडते आणि तिथे ते चांगल्या माणसाचे लक्षण म्हणून आले आहे. आजच्या बोलण्यात मात्र त्याला खुशामतीची छटाही येऊ शकते. आपल्याकडचा 'रागरंग पाहणे' हा प्रयोग त्याच्या बराच जवळ जातो.

त्या पर्यवेक्षकांना मी नंतर चहाच्या वेळी गाठून सांगितले की साहेबांचे म्हणणे 'यांना थांबायची वेळ कळली नाही' एवढेच होते, अक्कल हा शब्द माझा. ते थोडे थांबून म्हणाले, "अहो, कळली होती की. पण साचा दुसऱ्या दिवशी सकाळी परत लावायचा होता, सांगितल्याशिवाय उठलो असतो तर कसं चाललं असतं?" म्हणजे त्यांनी नुन्ची पकडली होती आणि मुद्दाम सोडून दिली होती. याला कोरियन भाषेत काय म्हणतात ते मी त्या अभियंत्याला विचारले, तर तो बराच वेळ डोके खाजवत राहिला.