फांद्यांची पाटी खालून वर वाचा

"सावनेरमार्गे सिलेवानी घाटातून छिंदवाड्याला चाललोय. लाल त्रिकोणात उभी रेघ आणि तिला मागेपुढे दोन फांद्या, ही पाटी दिसली की नेमकं काय करायचं? वळण, दगड, जनावरं कळतात, पण तिथेही फक्त 'हळू चालवा' एवढंच समजायचं का?"

आधी फांद्यांचं सांगतो, कारण ती पाटी बहुतेक जण साधा चौक समजून सोडून देतात. उभी रेघ म्हणजे तुमचा रस्ता आणि तिचं खालचं टोक तुमच्याकडचं. म्हणून खालची फांदी आधी येते, वरची नंतर. आडवा रस्ता इथे समोरासमोर नाही, त्यामुळे तो ओलांडणारी गाडी सरळ पलीकडे जात नाही. ती थोडं अंतर तुमच्याच रस्त्यावरून जाते.

समजा खालची फांदी डावीकडे, वरची उजवीकडे आणि रस्त्याला दुभाजक नाही. संत्र्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली डावीकडून निघून तुमच्यापुढे लागली. संथ चालली म्हणून तुम्ही उजवीकडून ओव्हरटेक करायला घेतलं, आणि तिला तर समोरच्या उजव्या फाट्याला वळायचंय. ट्रॉलीचे मागचे दिवे बऱ्याचदा नसतात, इंडिकेटर तर दूरच. म्हणून दुसरा फाटा मागे पडेपर्यंत ओव्हरटेक करायचं नाही.

फांद्या उलट असतील, म्हणजे उजवी आधी, तर उजवीकडून आलेली गाडी तुमच्या लेनमध्ये शिरते आणि डावीकडे वळायला लगेच वेग कमी करते. तिथे पुढे मोकळी जागा ठेवा. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद धरले, तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला जवळपास ९५ मीटर लागतात. ५० ला हेच अंतर निम्म्यावर येतं. म्हणून पाटी दिसताच ॲक्सिलरेटर सोडा, फाटा दिसायची वाट पाहू नका.

घाटात वळणाची पाटी दिसली की ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधीच उरका. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक मारला की टायरची पकड सुटते, पावसात तर हमखास. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका.

उडी मारणारं हरीण म्हणजे जंगली जनावरं, गाय म्हणजे पाळीव. एक नीलगाय किंवा चितळ गेलं की मागून दुसरं येतंच, तेव्हा लगेच वेग वाढवू नका. डोळ्यांवर हायबीम पडला तर जनावर जागीच थिजतं, म्हणून डिपर खाली घ्या. वेगात असताना एकदम स्टिअरिंग फिरवू नका, सरळ रेषेत ब्रेक मारा. पावसाळ्यात गाई रात्री डांबरावरच बसतात, आणि काळी म्हैस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

दगडांची पाटी वर बघण्यासाठी नाही. पडणारा दगड चुकवणं तसंही हाती नसतं, धोका वळणापलीकडे आधीच पडलेल्या दगडाचा असतो. नजर रस्त्यावर ठेवा आणि त्या टप्प्यात फोटोसाठीसुद्धा गाडी उभी करू नका. ताजी माती, बारीक खडी किंवा डोंगरावरून गढूळ पाणी येताना दिसलं, तर पुढे न जाता रुंद जागा बघून मागे वळा.