दोन भागीदारांची एकांकिका लिहिताना

पहिल्याच खर्ड्यात तू निखिलला लबाड केलंस, तिथेच नाट्य संपलं. प्रेक्षकाने बाजू घेतली की तो पुढचं ऐकत नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. दोघांचे हिशेब खरे ठेव. निखिलने धंद्यात घरचे १२ लाख घातले. समीरने ८० हजारांची नोकरी सोडून १५ महिने बिनपगारी काम केलं. तेही १२ लाखच! पण निखिलचे बँकेत दिसतात, समीरचे कुठेच नाहीत. निखिल आपल्या १२ लाखांना उसनवारी समजतो, समीर त्यांना भांडवल. कागद केलेलाच नाही, कारण मैत्रीत कागद मागणं दोघांनाही लाजिरवाणं वाटलं.

२. ठिणगी बाहेरून येऊ दे. गुंतवणूकदार म्हणतो, माझा पैसा वाढीसाठी, जुनी देणी फेडायला नाही. रास्तच आहे, असे पैसेवाले बहुधा हेच म्हणतात. पण आता निखिलचे पैसे अडकले, आणि ‘माझ्या पगाराचं काय?’ हे समीरला पहिल्यांदाच मोठ्याने विचारावं लागतं.

३. श्रेयाची सल छोटी असू दे. वर्तमानपत्रात फक्त निखिलचा फोटो. मुलाखतीला ‘तूच जा, मला बोलता येत नाही’ असं समीरच म्हणाला होता.

नवशिके हमखास शेअर्सचे नियम संवादात समजावत बसतात. तू ते तूर्त सोड. आधी पगाराचा तो एकच प्रसंग लिही. निखिलने काय उत्तर दिलं, ते मला पाठव.