घर आईचं, नोकरी माझी: पुरानंतरची लांब रजा कशी मागायची

प्रश्न: "गावच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. आईबाबा मामाकडे आहेत. मी एकटाच मुलगा, पुण्यात प्रायव्हेट जॉब. आठवडाभर सुट्टी काढून गेलो पण चिखल पण पूर्ण निघाला नाही. आता महिनाभर मागितली तर मॅनेजर म्हणतो प्रूफ दे. घर बाबांच्या नावावर, पंचनाम्यात माझं नावच नाही. परत कोणत्या तोंडाने मागू? आणि नोकरीवर येईल का?"

2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे एक मुलगी यायची, म्हणजे फोनवरच बोलायचो, कोविडचे दिवस होते. तिची केस सांगते कारण तुमच्यापेक्षा एक गाठ जास्त होती. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. ती पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला, लग्न झालेलं, आणि बुडालेलं घर माहेरचं. वडील नाहीत, आई एकटी राहायची. 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली, खाली घरात पाणी पार माळ्यापर्यंत.

मुलीने घाबरून जो पहिला मेल टाकला त्यात लिहिलं होतं की घर उद्ध्वस्त झालंय, 31 ऑगस्टपर्यंत सुट्टी द्यावी, गरज पडल्यास वाढवेन. बस. एचआरचं उत्तर आलं की तुमच्या रेकॉर्डला पत्ता सासरचा आहे, तिथे तर पूर नाही, कागद पाठवा. तिला हे फार लागलं, रडली, म्हणाली आमचं घर गेलं आणि हे माझ्यावर संशय घेतायत. मी तिला म्हटलं की बाई, समोरच्याच्या फाईलमध्ये तुझं आडनाव वेगळं, पत्ता वेगळा, त्याला काय दिसतंय ते बघ. आणि दुसरं, तारीख 31 ऑगस्टच का? तर तिच्याकडे उत्तर नव्हतं, महिन्याचा शेवट म्हणून लिहिली होती.

मग आम्ही फोनवर बसून घराची कामं लिहून काढली, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, इथे तू स्वतः हवीस का. चिखल काढणं, भिजलेलं सामान वेगळं करणं, पंचनामा, यात ती हवीच, कारण आई काही टाकूच देत नव्हती, फुगलेल्या लाकडी कपाटाला धरून बसली होती. वायरिंगला इलेक्ट्रिशियन लागतो, तिथे शेजारचे काका उभे राहिले तरी चालतं. आणि भिंती? इथेच सगळं गणित बदललं. घर जुनं, जांभ्या दगडाचं, जांभा पाणी पितो आणि कोकणात ऑगस्टमध्ये तो वाळत नाही, तुम्ही रोज समोर बसून राहिलात तरी नाही. गवंड्याने स्पष्ट सांगितलं, आत्ता फुगलेलं प्लास्टर खरवडून काढू, खिडक्या उघड्या ठेवा, नवीन प्लास्टर आणि रंग पाऊस गेल्यावर. घाईने रंग दिला की दोन महिन्यांत पोपडे आणि पांढरा खार. भिंत वाळली का हे बघायचं तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर एक-दोन दिवस चिकटवून ठेवायचा, आतल्या बाजूला दव धरलं म्हणजे अजून ओल आहे.

म्हणजे ऑगस्टची बहुतेक सुट्टी भिंतींकडे बघण्यात गेली असती, आणि ऑक्टोबरमध्ये जेव्हा खरंच माणूस लागणार तेव्हा खात्यात शून्य. तिच्याकडे सीएल 4 आणि पीएल 14 शिल्लक होत्या. सलग 31 ऑगस्टपर्यंत काढली असती तर आठ-नऊ दिवस बिनपगारी जाऊन वर ऑक्टोबरचं वेगळंच. म्हणून दोन तुकडे केले. पहिला सोमवार 26 जुलै ते शुक्रवार 6 ऑगस्ट, कामाचे दहा दिवस, 4 सीएल आणि 6 पीएल. मग आईला पुण्याला आणायचं आणि काम सुरू. दुसरा 4 ऑक्टोबर ते 14 ऑक्टोबर, कामाचे नऊ दिवस, उरलेल्या 8 पीएल आणि एक दिवस बिनपगारी, 15 ला दसऱ्याची सुट्टी होतीच.

आता कागदांचं. लोकांना वाटतं पंचनामा म्हणजे एकच कागद आणि तो हातात आल्याशिवाय काही करता येत नाही. पंचनामा करायला तलाठी आणि नगरपालिकेची माणसं येतात (गावात ग्रामसेवक), ते लिहून घेतात, सही घेतात आणि जातात, प्रत लगेच मिळेलच असं नाही. तिला मी सांगितलं की सही करण्याआधी वाच, मालकाचं नाव, घर नंबर आणि पाण्याची उंची तीन गोष्टी बरोबर आहेत ना बघ, आणि शक्य झालं तर सगळ्या पानांचा मोबाईलवर फोटो काढ. मग प्रत मिळावी म्हणून तहसील कार्यालयात साधा अर्ज द्यायचा आणि आपल्या कॉपीवर पोचचा शिक्का मारून घ्यायचा. ही पोच म्हणजे पण कागदच. तिने एचआरला आधी पोच पाठवली, प्रत नंतर आली तेव्हा नंतर. थांबून राहिली असती तर सुट्टी संपेपर्यंत तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

आणि फोटो, पण चिखल काढायच्या आधीचे. सगळे स्वच्छ करून मग फोटो काढतात. तिने सुदैवाने पहिल्याच दिवशी काढले होते, एका फोटोत भिंतीवरची पाण्याची रेघ आणि शेजारी दाराची चौकट, उंची लगेच कळते. घराचा विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, त्यांचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत सामान हलवू नका, हलवावंच लागलं तर फोटो आणि यादी करून मगच. सर्व्हेअरच्या भेटीची तारीख असलेला मेसेज रजेच्या अर्जाला जोडला तर उत्तमच, कारण त्या दिवशी तुम्ही तिथे का हवे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता नावाची गाठ, तुमचा मुख्य प्रश्न. पंचनाम्यात तुमचं नाव असायची गरजच नाही. कंपनीला फक्त साखळी दिसायला हवी, नुकसान या घराचं, घर या माणसाचं, आणि हा माणूस माझा बाप. तुमच्याकडे सोपं आहे, घरपट्टीची पावती बाबांच्या नावाची आणि तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा पॅनवर वडिलांचं नाव. हिच्याकडे एक कडी जास्त, घरपट्टी अजून दिवंगत वडिलांच्याच नावावर, आणि ती पावती ट्रंकेत भिजून लगदा. नगरपालिकेतून दुसरी प्रत मागितली, सोबत तिचा शाळेचा दाखला (माहेरचं नाव), विवाह नोंदणीचा दाखला (दोन्ही नावं जोडायला), वडिलांचा मृत्यूचा दाखला. वर अर्ध्या पानाचं स्वयंघोषणापत्र की आई तिथे एकटी राहते आणि दुरुस्तीची जबाबदारी माझ्यावर आहे. स्टॅम्पपेपर नाही, नोटरी नाही, एचआरने मागितलं पण नाही.

मग नवा मेल गेला. साधारण असा:

"22 जुलैच्या पुरात चिपळूण येथील माझ्या आईच्या घरात छताजवळपर्यंत पाणी गेले. रेकॉर्डवरील माझा पत्ता सासरचा आहे, संबंध दाखवणारे कागद जोडले आहेत. मला दोन टप्प्यांत रजा हवी आहे. 26 जुलै ते 6 ऑगस्ट: सफाई, पंचनामा, आईचे स्थलांतर. 4 ते 14 ऑक्टोबर: प्लास्टर, रंग, आईला परत नेणे. मधल्या काळात मी पूर्णवेळ काम करेन. महिनाअखेरचे क्लोजिंग दुसऱ्या रजेत येत नाही, जुलैचे काम सहकाऱ्याकडे सोपवले आहे. ऑक्टोबरची तारीख पावसामुळे बदलल्यास 24 सप्टेंबरपर्यंत कळवेन. शिल्लक रजा संपल्यावरचा एक दिवस बिनपगारी मंजूर करावा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही टप्पे मंजूर. शेवटची ओळ मात्र नीट बघा, "बिनपगारी मंजूर करावा". बिनपगारी रजा आणि न सांगता गैरहजेरी पगारात सारखीच दिसते, फाईलमध्ये नाही. बऱ्याच कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, असं असतं की मंजूर रजा संपून आठ दिवसांत हजर झाला नाहीत किंवा कारण पटवलं नाहीत तर नोकरीवरचा हक्क जातो. तुमची भीती खरी आहे ती इथे, लांब रजा मागण्यात नाही. वाढवून हवी असेल तर मुदत संपायच्या आत लेखी मागा, आणि मॅनेजर फोनवर "बघू रे" म्हणाला तर ते मंजूर धरू नका, त्याच संध्याकाळी "आपल्या बोलण्यानुसार" असा मेल टाका.

तिला ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला होता, एवढी कटकट कशाला, मेडिकल टाक. हा सल्ला सगळीकडे मिळतो. अहो पण मेडिकलवर गेलात की परत येताना फिटनेस सर्टिफिकेट आलं, आणि इकडे तुमच्या भावकीने स्टेटसला तुमचा फावड्याने चिखल काढतानाचा फोटो टाकलेला. खरं कारण इतकं भक्कम असताना खोटं कशाला? राज्य सरकारी नोकरीत असाल तर अजिबातच नको, कारण तिथे अर्जित रजा संपली की अर्धवेतनी रजा खाजगी कारणासाठी पण मागता येते, डॉक्टर लागत नाही, फक्त पगार अर्धा. त्यानंतर असाधारण रजा, बिनपगारी, पण ती मेडिकलशिवाय घेतली तर वेतनवाढीची तारीख पुढे जाऊ शकते, आस्थापनेला आधी विचारा.

घर आगीत गेलं असेल तर साखळी तीच, पहिला कागद वेगळा. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिस ठाण्यातली नोंद, दोन्ही ठिकाणी अर्ज पहिल्या एक-दोन दिवसांत द्या.

तुमच्याबाबतीत मी आधी गवंड्याला फोन करायला सांगेन, मॅनेजरला नंतर. भिंत मातीची की विटांची, किती दिवस वाळायला लागेल, तो कधी मोकळा आहे हे विचारा. एक महिना सलग लागतोय असं तुम्हाला वाटतंय, बहुतेक तो दहा-बारा दिवस आता आणि आठ-दहा दिवस नंतर असा निघेल. आणि गवंड्याकडून कोऱ्या कागदावर का होईना कामाचा अंदाज, दिवस आणि रक्कम, सही करून घ्या, कारण मॅनेजरला "इतके दिवस कशाला" याचं उत्तर पंचनाम्यात नाही मिळत, ते त्या कागदात मिळतं.